७५ फुटांचा टँक आणि २५ मीटरचं घड्याळ: एक प्रकरण

पुण्यातल्या एका सोसायटीच्या पोहण्याच्या टँकवरची ही गोष्ट. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. आकडे मात्र माझ्या वहीत त्या त्या दिवशी लिहिलेले तसेच दिले आहेत. मी शनिवार-रविवारी तिथे प्रौढांची बॅच घेतो.

पार्श्वभूमी

वैशालीताई ४६ वर्षांच्या, बँकेत नोकरी. लहानपणी विहिरीत पोहायला शिकल्या होत्या, मग पंचवीस वर्षांचा खंड पडला आणि तीन वर्षांपूर्वी पुन्हा पाण्यात उतरल्या. आठवड्यातून चार दिवस सकाळी ७ ते ८ सोसायटीच्या टँकमध्ये. डोळ्यांसमोर ध्येय होतं समुद्रातल्या दोन किलोमीटरच्या शर्यतीचं, आणि मनात वेळही ठरलेली होती: ४५ मिनिटं.

मुलाने वाढदिवसाला पोहण्याची नोंद ठेवणारं घड्याळ दिलं. त्यात टँकमध्ये पोहण्याचा प्रकार निवडला की सुरुवातीला टँकची लांबी विचारली जाते. आधीच २५ मीटर दिसत होतं. सोसायटीच्या माहितीपत्रकात ‘हाफ ऑलिंपिक’ लिहिलेलं, वॉचमनही म्हणाला, “पंचवीसचाच आहे, मॅडम.” त्यामुळे ताईंनी तसंच पुढे दाबलं आणि पोहायला लागल्या. चार महिने त्याच आकड्यावर नोंदी साठत गेल्या.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती आधी सांगतो. टँकमध्ये घड्याळ अंतर मोजत नाही, ते लेंग्थ मोजतं. एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत एक लेंग्थ. किती लेंग्थ झाल्या ते आतल्या हालचालींच्या संवेदकावरून ओळखायचं आणि त्या आकड्याला आपण भरलेल्या लांबीने गुणायचं, एवढंच त्याचं काम. म्हणजे अंतर दोन ठिकाणी चुकू शकतं: लांबी चुकीची भरली तर, किंवा लेंग्थची मोजणी चुकली तर. या दोन चुकांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. पहिली रोज, प्रत्येक लेंग्थला, त्याच प्रमाणात होते. दुसरी कधी होते, कधी होत नाही, आणि कधी जास्त मोजते तर कधी कमी.

अडचण कशी समोर आली

मे महिन्यात सोसायटीचा टँक दुरुस्तीसाठी आठवडाभर बंद होता. ताई महापालिकेच्या ५० मीटरच्या टँकवर गेल्या आणि तिथे ५०० मीटर सलग फ्रीस्टाइल पोहल्या. वेळ लागला १२ मिनिटं ४५ सेकंद, म्हणजे शंभर मीटरला २:३३. सोसायटीत घड्याळ दाखवायचं २:१६.

त्या चांगल्याच हादरल्या होत्या. मला म्हणाल्या, “सर, मोठ्या टँकवर माझा दमच पुरत नाही असं दिसतंय. समुद्रात काय होईल?” २:१६ च्या वेगाने दोन किलोमीटर ४५ मिनिटं २० सेकंदांत होतात. २:३३ ने ५१ मिनिटं लागतात. म्हणजे ठरवलेलं ध्येय एकदम सहा मिनिटांनी लांब गेलं.

शिवाय एक जुनी तक्रार होतीच. मनात मोजलेल्या लेंग्थ आणि घड्याळाच्या लेंग्थ कधीच जुळायच्या नाहीत. एखाद्या दिवशी तीन कमी, एखाद्या दिवशी दोन जास्त. त्यात ‘लॅप’ या शब्दाचा घोळ. त्यांच्या जुन्या शिक्षकांसाठी एक लॅप म्हणजे जाऊन परत येणं, घड्याळासाठी फक्त जाणं. पहिले काही दिवस ‘घड्याळ दुप्पट मोजतं’ असं त्यांना वाटलं होतं ते यामुळेच. तेवढा उलगडा लवकर झाला. उरलेला होत नव्हता.

मला पहिल्यांदा संशय आला घड्याळाच्या पट्ट्याचा. तो सैल होता, हात पाण्यात शिरला की घड्याळ मनगटावर फिरायचं. मी सांगितलं, मनगटाच्या हाडाच्या वर सरकवून घट्ट बांधा, आणि सोबत भिंतीवरून पाय जोरात मारून निघा. दोन्ही एकाच दिवशी सांगितलं. आकडे जरा सुधारले, पण कशामुळे ते कळायला मार्ग उरला नाही. तो आठवडा फुकट गेला. ही चूक माझी.

निरीक्षणाचा दिवस

पुढच्या रविवारी ठरवलं की ताईंनी नेहमीसारखं पोहायचं, काही बदलायचं नाही, आणि मी काठावर वही घेऊन बसायचं. प्रत्येक लेंग्थला एक रेघ, शेजारी प्रकार: फ्री, ब्रेस्ट की किकबोर्ड. लांबीही अजून २५ वरच ठेवली.

माझ्या वहीत ४४ लेंग्थ झाल्या: ३४ फ्रीस्टाइल, ६ ब्रेस्टस्ट्रोक, ४ किकबोर्ड. घड्याळाने ४० दाखवल्या आणि अंतर १,००० मीटर.

मग टँक मोजला. तीस मीटरची टेप आणली, एका टोकाला ताई, दुसऱ्या टोकाला मी. इथे एक काळजी घ्यावी लागते. टँकच्या कडेला पाणी ओसंडून जाण्यासाठी जाळीची नाली असते, आणि वरचा फरशीचा काठ त्या नालीच्या बाहेर असतो. काठापासून काठापर्यंत टेप धरली तर अर्धा मीटर जास्त येऊ शकतो. आपला हात जिथे टेकतो त्या पाण्याच्या रेषेवरच्या टाइलपासून समोरच्या टाइलपर्यंत मोजायचं. तसं मोजल्यावर टेप २२ मीटर ८६ सेंटिमीटरच्या आसपास आली. म्हणजे बरोबर ७५ फूट. बिल्डरने नकाशा फुटांत काढला होता. एक फूट ०.३०४८ मीटर, त्यामुळे ७५ फूट म्हणजे २२.८६ मीटर.

म्हणजे त्या दिवशी ताई खरोखर किती पोहल्या? ४४ गुणिले २२.८६, सुमारे १,००६ मीटर. घड्याळ म्हणत होतं १,०००.

ताईंचा चेहरा उजळला. “म्हणजे घड्याळ बरोबरच आहे की!” क्षणभर मलाही तसं वाटलं. पण चार लेंग्थ गायब असताना एकूण अंतर जुळणं हा निव्वळ योग होता. लांबी जास्त भरल्यामुळे प्रत्येक लेंग्थला २.१४ मीटर वाढत होते आणि मोजणी कमी झाल्यामुळे जवळपास तेवढेच वजा होत होते. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. रोजच्या एकूण आकड्यावर नजर ठेवणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं, आणि चार महिने कळलं नाही ते याच कारणाने.

वेग मात्र झाकला जात नव्हता. बरोबर मोजलेल्या फ्रीस्टाइलच्या लेंग्थला ताईंना ३४ सेकंद लागायचे. २५ मीटर धरले तर शंभरला २:१६. खरे २२.८६ धरले तर २:२९. मोठ्या टँकवरच्या २:३३ शी याची तुलना करा. तेरा सेकंदांचं कोडं टेपनेच सुटलं. उरलेले चार सेकंद वळणांचे. ७५ फुटांच्या टँकमध्ये शंभर मीटरला चारहून अधिक वेळा भिंतीवरून पाय मारता येतो, ५० मीटरच्या टँकमध्ये दोनदाच. भिंतीवरून मिळणारा वेग कुणालाही पोहून मिळत नाही, त्यामुळे छोट्या टँकची वेळ नेहमीच थोडी बरी दिसते. ताईंचा दम कमी पडलेला नव्हता.

लेंग्थ कुठे हरवल्या

आता उरल्या त्या चार लेंग्थ. त्यासाठी एकूण आकडा सोडून मोबाइलवरच्या ॲपमध्ये प्रत्येक लेंग्थची ओळ उघडली. हा तक्ता बहुतेक लोक पाहतच नाहीत, पण खरी माहिती तिथेच असते: प्रत्येक लेंग्थचा वेळ, हातांची संख्या, प्रकार.

घड्याळ ज्या हातात असतं त्याच हाताचे फेरे मोजले जातात, त्यामुळे फ्रीस्टाइलमध्ये खरे हात साधारण दुप्पट असतात. ताईंच्या फ्रीस्टाइलच्या ओळी एकसारख्या होत्या: ३४ सेकंद, १३ हात; ३५ सेकंद, १३ हात; ३४ सेकंद, १२ हात. आणि मध्येच एक ओळ: ७१ सेकंद, २६ हात. पुढे आणखी एक तशीच. ४६ वर्षांची बाई ३४ सेकंदांवरून अचानक ७१ वर जात नाही. वेळही दुप्पट, हातही दुप्पट, म्हणजे दोन लेंग्थ चिकटून एक झाल्या होत्या. वेळ आणि हातांची बेरीज करून काढला जाणारा स्वोल्फचा आकडा इतरत्र ४७ होता, या ओळींमध्ये ९७. अशी ओळ शोधायला तो आकडा सोयीचा पडतो.

ब्रेस्टस्ट्रोकमध्ये उलट. नेहमीची ओळ ४५ सेकंद, १६ हात. पण दोन ठिकाणी लागोपाठ ओळी होत्या २० सेकंद, ७ हात आणि २५ सेकंद, ९ हात. बेरीज करा: ४५ आणि १६. एकच लेंग्थ मधोमध तुटून दोन झाली होती.

किकबोर्डच्या चार लेंग्थची ओळच नव्हती. तेवढा सगळा काळ विश्रांती म्हणून लिहिलेला.

हिशोब जुळला. ३४ फ्रीस्टाइलमधून २ चिकटल्या म्हणून ३२ राहिल्या. ६ ब्रेस्टमधून २ तुटल्या म्हणून ८ झाल्या. किकबोर्डच्या ४ ची शून्य. एकूण ४०.

आता कारणं. घड्याळाला भिंत दिसत नाही. त्याला मनगटाचा झटका आणि ताल कळतो. हातांचा ठरावीक ताल चालू आहे, मग तो तुटला, मग एक जोराचा धक्का आला, मग सेकंदभर हात स्थिर राहून शरीर सरकलं, मग पुन्हा ताल सुरू झाला: हा क्रम दिसला की ते म्हणतं, वळण झालं. काही घड्याळं सोबत दिशा बदलल्याचाही आधार घेतात. हा क्रम पुसट झाला की वळण हरवतं, आणि भिंत नसताना तसाच क्रम घडला की नसलेलं वळण मोजलं जातं.

ताईंची खोल बाजूची वळणं स्वच्छ होती, तिथे पाय टेकत नाही म्हणून भिंतीवर पाय मारून निघणं भागच होतं. उथळ बाजूला, विशेषतः तिथे कुणी उभं असेल तर, त्या डाव्या हाताने नालीची कड धरून उभ्या राहायच्या, अंग वळवायच्या आणि पायांनी तळाला टेकूनच पहिला हात टाकायच्या. घड्याळ डाव्याच हातात. ना धक्का, ना सरकणं. घड्याळाला तो ताल किंचित रेंगाळल्यासारखा वाटला आणि ते पुढे चालू राहिलं.

ब्रेस्टस्ट्रोकमध्ये सकाळच्या गर्दीत समोरून कुणी आलं की ताई मधोमध थांबून त्यांना जाऊ द्यायच्या आणि मग पाय जोरात मारून, हात पुढे ताणून निघायच्या. घड्याळासाठी ते हुबेहूब वळण. फ्रीस्टाइलमध्ये मध्येच गॉगल सारखा करायला थांबलं तरी असंच होऊ शकतं. किकबोर्डचं तर सरळ आहे. दोन्ही हात बोर्डावर स्थिर, ताल नाहीच, त्यामुळे मोजणीही नाही.

पर्याय कोणते होते

लांबीबद्दल चार वाटा होत्या. पहिली, २५ मीटर तसेच ठेवून मनात नऊ टक्के वजा करत राहायचं. ताईंना बँकेचा हिशोब रोज पुरेसा असतो, आणि पोहताना मनगटावर दिसणारा वेग चुकीचाच राहणार. ती सोडली.

दुसरी वाट मोहक होती. ७५ फूट म्हणजे बरोबर २५ यार्ड, आणि घड्याळात २५ यार्डची तयार सोय होती. अंतर अगदी तंतोतंत. पण मग सगळं यार्डात दिसणार, वेगही शंभर यार्डांचा. ५० मीटरच्या टँकशी किंवा समुद्रातल्या मीटरशी तुलना करायची तर पुन्हा हिशोब. ज्याला फक्त आपल्याच टँकच्या नोंदी एकमेकींशी ताडायच्या आहेत त्याच्यासाठी ही वाट उत्तम आहे. ताईंसाठी नव्हती.

तिसरी, स्वतःची लांबी भरायची. त्यांच्या घड्याळात ती पूर्ण मीटरमध्येच भरता येत होती, म्हणून २३. चूक लेंग्थमागे १४ सेंटिमीटर, शेकडा ०.६. हजार मीटरला सहा मीटर. वेग २:२८ दिसणार, खरा २:२९. ही आम्ही घेतली.

चौथी वाट ताईंनी आधीच करून पाहिली होती: खुल्या पाण्यात पोहण्याचा प्रकार निवडून उपग्रहावरून अंतर घ्यायचं. उपग्रहाचा संकेत पाण्यातून येत नाही, हात वर येतो तेवढ्या क्षणांत घड्याळाला जागा शोधावी लागते. समुद्रात सरळ शेकडो मीटर जायचं असतं तेव्हा हे बऱ्यापैकी जमतं. २३ मीटरच्या टँकमध्ये चूकच काही मीटरची असते, त्यामुळे नकाशावर ताई क्लबहाउसच्या भिंतीतून आणि पार्किंगमधून पोहताना दिसत होत्या.

मोजणीसाठी एकदा विचार आला की दर भिंतीला बटण दाबावं. पण त्यांच्या घड्याळात ते बटण लेंग्थ मोजायला नाही, संच संपवून विश्रांती सुरू करायला आहे. दर वळणाला दाबलं असतं तर पोहण्याऐवजी विश्रांतीची नोंद झाली असती. शिवाय उजव्या हाताने डाव्या मनगटावरचं बटण शोधताना वळणाचा ताल आणखी मोडतो.

काय केलं

या वेळी एका वेळी एकच गोष्ट बदलली. आधी लांबी २३ केली आणि बाकी काही हलवलं नाही.

दोन दिवसांनी दुपारी, टँक रिकामा असताना, छोटी चाचणी घेतली. खोल बाजूने सुरुवात करून दहा लेंग्थ फ्रीस्टाइल, प्रत्येक भिंतीवर दोन्ही पाय टेकवून धक्का, हात डोक्यापुढे एकावर एक ठेवून बाणासारखं दोन सेकंद सरकायचं, मगच पहिला हात. घड्याळ: १०. थोडी विश्रांती, मग पुन्हा दहा, पण उथळ बाजूला मुद्दाम नेहमीसारखं उभं राहून वळायचं. घड्याळ: ७. उथळ बाजूची वळणं पाच, त्यांतली तीन हरवली. खोल बाजूचं एकही हरवलं नाही. पट्टा दोन्ही वेळा तेवढाच घट्ट होता, त्यामुळे या वेळी शंकेला जागा नव्हती.

मग सवय बदलायची होती. फिरकीचं वळण ताईंना येत नाही, आणि घड्याळासाठी ते शिकायची गरजही नाही. हाताने भिंत धरून वळलं तरी चालतं, फक्त निघताना पायांचा धक्का आणि सरकणं हवं. उथळ बाजूला कुणी उभं असेल तर मी त्यांना हातभर बाजूला सरकून रिकामी भिंत धरायला सांगितलं.

थांबण्याची पद्धतही ठरवली. पूर्वी ताई शेवटचे दोन हात टाकता टाकताच वेळ बघायला मनगट वर काढायच्या. त्यामुळे शेवटची लेंग्थ अर्धवट राहायची. आता आधी भिंत, मग बटण, मग बघणं. विश्रांतीत गप्पा मारताना हात हलले की कधी कधी एक भुताटकीची लेंग्थ जमा व्हायची, म्हणून थांबलं की लगेच विश्रांतीचं बटण. आणि सुरुवात करताना पडदा पाण्यासाठी लॉक करायचा, नाहीतर थेंबांचा स्पर्श बोटाचा समजून नोंद मध्येच थांबते. त्यांच्या दोन जुन्या नोंदी सात मिनिटांवर संपलेल्या होत्या त्या बहुधा अशाच.

किकबोर्डसाठी घड्याळात सरावाची वेगळी नोंद होती. ती सुरू करायची, चार लेंग्थ मारायच्या, संपवायची आणि अंतर स्वतः भरायचं. घड्याळ इथे फक्त वेळ धरतं, मोजणी आपलीच. चार लेंग्थ म्हणजे ९२, पण त्या नोंदीत पंचवीस-पंचवीसच्या टप्प्यानेच भरता येत होतं, म्हणून ताई १०० भरतात. या आठ मीटरवर आमचा वाद झाला. मला ७५ बरे वाटत होते, कारण जास्तीचं अंतर नोंदीत राहू नये. त्या म्हणाल्या, जवळचा आकडा १०० आहे. बरोबर होतं त्यांचं.

निष्पत्ती

पुढच्या तीन आठवड्यांत मी सहा वेळा काठावर बसून मोजलं. चार वेळा फ्रीस्टाइलची मोजणी एकही चूक न होता जुळली. एकदा एक लेंग्थ कमी आली, उथळ बाजूला लहान मुलांची बॅच उभी होती त्या दिवशी. एकदा एक जास्त आली, मध्येच गॉगलमध्ये पाणी शिरलं म्हणून थांबल्या होत्या. दोन्ही ओळी तक्त्यात लगेच ओळखता आल्या.

सोसायटीतला वेग आता २:२८ ते २:३० दिसतो. पुन्हा ५० मीटरच्या टँकवर गेल्या तेव्हा २:३२ आला आणि या वेळी कुणी घाबरलं नाही. शर्यतीसाठीचं ध्येय त्यांनी ४५ मिनिटांवरून ५० वर आणलं. ते सोपं नव्हतं. चार महिने रोज २:१६ पाहिलेल्या माणसाला तो वेग कधी नव्हताच हे पचायला वेळ लागतो, आणि पहिले काही दिवस ताई नव्या आकड्याकडे बघून खट्टू व्हायच्या.

जुन्या नोंदींचं काय करायचं हा प्रश्न राहिला. त्यांच्या ॲपमध्ये झालेल्या पोहण्याची लांबी मागाहून बदलता येत नव्हती. सगळ्या अंतरांना ०.९१४ ने गुणावं असं मुलाने सुचवलं. पण ते फक्त तिथेच खरं ठरतं जिथे लेंग्थची मोजणी बरोबर होती. किकबोर्डच्या किंवा लेंग्थ चिकटलेल्या दिवशी तसं गुणलं तर आधीच कमी असलेलं अंतर आणखी कमी होतं, आणि ब्रेस्टच्या लेंग्थ तुटलेल्या दिवशी गुणूनही ते जास्तच राहतं. निरीक्षणाच्या दिवसाचंच घ्या: १,००० चे ९१४ झाले असते, खरे होते १,००६. त्यामुळे फक्त सलग फ्रीस्टाइलचे दिवस, तक्त्यात एकही दुप्पट ओळ नसलेले, तेवढेच सुधारून वहीत लिहिले. असे अकरा निघाले. बाकीच्या नोंदींचा वेळ तेवढा खरा मानला, अंतर सोडून दिलं.

निर्णयाच्या जागा आणि आज वेगळं काय केलं असतं

सर्वात आधी टेप. घड्याळ हातात बांधण्याच्याही आधी. तीस मीटरच्या टेपने दहा मिनिटांत झालेलं काम आम्ही चार महिने आणि एक आठवडा लांबवलं, कारण माहितीपत्रकातला शब्द आणि घड्याळात आधीच दिसणारा आकडा एकमेकांना दुजोरा देत होते. दोघांनीही टँक मोजलेला नव्हता. सोसायट्यांचे टँक ६० फुटी, ७५ फुटी, कधी एका बाजूला पायऱ्या असलेले, कधी टोकाला गोलाई असलेले असतात. पायऱ्यांच्या बाजूने पोहणार असाल तर पायरीपर्यंतच मोजा, कारण तुम्ही तिथेच वळता.

पट्टा आणि वळण मी एकत्र बदललं ती दुसरी जागा. आज मी कुणालाही आधी नेहमीसारखं पोहू देतो, वहीत रेघा मारतो आणि लेंग्थनिहाय तक्ता बघतो. दुप्पट ओळ असेल तर वळण बघायचं. अर्धी-अर्धी जोडी असेल तर मधलं थांबणं. ओळच नसेल तर हात स्थिर ठेवणारा सराव. सगळ्या ओळी नीट, पण वेग दुसऱ्या टँकपेक्षा फारच चांगला वाटत असेल, तर टेप.

तिसरी जागा अशी की मोठ्या टँकवरचा आकडा पहिल्यांदा ऐकल्यावर मी ताईंना दमसास वाढवायचे दोन संच लिहून दिले होते. घड्याळ तपासायच्या आधी माणसाला तपासलं. त्या संचांनी नुकसान काही झालं नाही, पण दोन आठवडे ताई अशा उणिवेवर मेहनत घेत होत्या जी नव्हतीच.

काही गोष्टी सुटलेल्या नाहीत. सकाळी साडेसातच्या गर्दीत ब्रेस्टस्ट्रोकची मोजणी अजूनही एक-दोनने चुकते आणि चुकत राहील, कारण थांबावं लागतं आणि थांबून निघताना पाय मारावाच लागतो. त्या दिवशी ताई ब्रेस्टच्या ओळींमध्ये ४५ सेकंदांच्या जवळ बेरीज होणाऱ्या जोड्या शोधतात आणि मनात एक धरतात. गेल्या महिन्यात महाबळेश्वरला गेल्या तेव्हा हॉटेलचा टँक पावलांनी मोजून १२ मीटरच्या आसपास निघाला. त्यांच्या घड्याळात १४ च्या खाली लांबी भरता येत नाही, आणि एवढ्या थोड्या हातांत ताल धरून वळण ओळखणं घड्याळाला जमतही नाही. त्यांनी घड्याळावर फक्त वेळ लावली, काठावर वीस शेंगदाणे मांडले आणि दर फेरीला एक उचलला.